एएफआय ४.९ आला, म्हणजे पाणी खरंच कमी आहे का?

सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी गर्भपिशवीतल्या पाण्याच्या मापाची एक ओळ असते: AFI 4.9 cm. खाली छापलेलं असतं, ऑलिगोहायड्रॅम्निऑस. घरी पोचेपर्यंत त्याचं भाषांतर झालेलं असतं, ‘पाणी कमी झालंय, लेकराला धोका आहे, सिझर करावं लागतंय.’ दुसऱ्या घरी आकडा २९ असतो आणि तिथे पॉलिहायड्रॅम्निऑस, म्हणजे पाणी जास्त. हे दोन्ही शब्द आजाराची नावं नाहीत. गर्भपिशवीतलं पाणी नेहमीपेक्षा कमी किंवा जास्त दिसलं, एवढंच ते सांगतात. का दिसलं, हे वेगळं शोधावं लागतं. त्याच्याही आधी बघायचं ते हे, की मोजणी नीट झाली होती का.

हे पाणी येतं कुठून, ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. पहिल्या तीन-चार महिन्यांनंतर पिशवीतलं बहुतेक पाणी म्हणजे बाळाची लघवी. दिवस भरत आले की बाळ दिवसाला अर्ध्या लिटरहून बरीच जास्त लघवी करतं आणि तेच पाणी गिळतंही. थोडी भर फुप्फुसांतून येणाऱ्या द्रवाची असते. टाकीत पडणारी धार आणि बाहेर जाणारी धार जुळलेली असली की पातळी टिकते, तसंच हे. म्हणून पाणी कमी दिसलं की तीन प्रश्न येतात. बाळ लघवी कमी करतंय का? लघवीला वाट आहे का? की पाणमोटीला कुठे चीर जाऊन पाणी गळतंय? पाणी जास्त असेल तर प्रश्न उलटे होतात. बाळ लघवी जास्त करतंय का, की त्याला गिळता येत नाही?

आकडा निघतो कसा

आई पाठीवर, डोकं थोडं उंच ठेवून झोपलेली असते. बेंबीतून एक आडवी आणि पोटाच्या मध्यावर दिसणाऱ्या काळसर रेघेवरून एक उभी अशा दोन रेषा मनात धरून पोटाचे चार भाग करतात. प्रत्येक भागात प्रोब जमिनीला काटकोनात, आईच्या अंगाच्या लांबीच्या दिशेने धरतात आणि पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा वरून खाली सरळ मोजतात. पाणी पडद्यावर काळं दिसतं. कप्प्यात बाळाचा हातपाय किंवा नाळेचा वेढा नको आणि रुंदीही किमान एक सेंटिमीटर हवी. चारही मापांची बेरीज म्हणजे एएफआय. पाच किंवा त्याहून कमी आलं तर पाणी कमी, चोवीस किंवा त्याहून जास्त आलं तर पाणी जास्त. काही ठिकाणी वरची रेघ पंचवीसला मारतात.

दुसरी पद्धत याहून साधी आहे. सगळ्या पोटात जो एकच सगळ्यात खोल कप्पा सापडेल तो मोजायचा. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे पाणी कमी, आठ किंवा जास्त म्हणजे पाणी जास्त. रिपोर्टवर हा आकडा SDP किंवा MVP या अक्षरांपुढे असतो. जुळ्यांमध्ये प्रत्येक बाळाच्या पिशवीसाठी हीच पद्धत वापरतात, कारण चार भागांची बेरीज कोणाच्या पाण्याची झाली ते कळत नाही.

आता वरच्या ४.९ ची फोड बघा. उजवीकडे वर २.३, डावीकडे वर १.५, डावीकडे खाली १.१, आणि उजवीकडे खाली बाळाचं डोकं टेकलेलं असल्याने शून्य. बेरीज ४.९. एएफआयच्या हिशोबाने पाणी कमी. पण सगळ्यात खोल कप्पा २.३ आहे, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने हेच पाणी पुरेसं ठरतं. एकच पोट, एकच सोनोग्राफी आणि निकाल दोन! दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत पुन्हापुन्हा हेच दिसलं आहे, की एएफआय वापरला की ‘पाणी कमी’ असा शिक्का जास्त बायांवर बसतो, कळा आणण्याचे प्रकार वाढतात, पण बाळांची तब्येत त्यामुळे काही सुधारत नाही. म्हणून कमी पाण्याचा निर्णय घेताना खोल कप्प्याला जास्त वजन द्यावं, असं आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. रिपोर्टवर नुसता एएफआय असेल आणि तो पाचाच्या आसपास असेल, तर ‘मॅडम, सगळ्यात मोठा कप्पा केवढा आहे?’ एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

मोजणी चुकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. प्रोब पोटावर जोरात दाबला की कप्पा चेपतो आणि आकडा खाली येतो. प्रोब तिरका धरला तर माप लांबतं आणि आकडा फुगतो. नाळेचे वेढे साध्या चित्रात पाण्यासारखेच काळे दिसतात, ते पाण्यात धरले जातात. उलट, रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं डॉपलर चालू ठेवून मोजलं तर कप्प्यातली नाळ सापडत जाते, माप तुटत जातं आणि नसलेलं ऑलिगो रिपोर्टवर येतं. आई अंगाने जाड असेल तर चित्रात धुरकटपणा येतो आणि पाणी असूनही कमी भासतं. मोजता मोजता बाळ वळतं ते वेगळंच. म्हणून काठावरचा आकडा आला तर तीनदा मोजून सरासरी घ्यायची असते. आणखी एक साधी गोष्ट, काही यंत्रं मिलिमीटरमध्ये आकडा देतात. ४९ मिमी आणि ४.९ सेमी एकच. आधीच्या रिपोर्टमध्ये ‘११’ आणि आत्ताच्यात ‘९८’ बघून घाबरण्याआधी पुढचं एकक वाचावं.

कमी पाण्याचं कारण कसं शोधतात

नमुन्यादाखल एक प्रकरण पूर्ण उलगडून बघू. माजलगावकडची एक पहिलटकरीण, चौतीस आठवडे, बाळंतपणाला माहेरी आलेली. महिना मे. एएफआय ३.८, सगळ्यात खोल कप्पा १.६. इथे दोन्ही पद्धती एकच सांगतायत, म्हणजे पाणी खरोखर कमी आहे.

पहिली तपासणी तारखेची. पाळीची तारीख अंदाजाने सांगितलेली असेल तर चौतीस आठवडे हा आकडाच डळमळीत असतो आणि बाळ बारीक आहे की दिवसच कमी भरलेत, ते ठरत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद इथे सगळ्यात मोलाचा. सासरच्या कपाटात राहिलेला असतो तो नेमका हाच! हिच्याकडे तो आहे आणि आठवडे जुळतात.

दुसरा प्रश्न गळतीचा. अंगावरून पाणी गेलं का, असं विचारल्यावर बऱ्याच बाया ‘पांढरं जातंय’ किंवा ‘लघवी सुटते’ असं सांगतात. पाणमोटीला बारीक चीर गेली की धार लागत नाही, नुसतं ओलं ओलं राहतं. स्वच्छ सुती घडी ठेवून तासाभराने बघितली आणि ती पाण्याने भिजलेली, लघवीचा वास नसलेली असली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे निर्जंतुक उपकरणाने आत बघतात, गर्भाशयाच्या तोंडाशी पाणी साचलंय का ते पाहतात, लिटमस निळा होतो का तपासतात. कळा नसताना बोट घालून तपासणं टाळतात, त्याने जंतू आत जायची भीती असते. गळती निघाली तर सगळा मार्गच बदलतो. अँटिबायोटिक, ताप आणि नाडीवर लक्ष, दिवस कमी असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि भरती. हिला गळती नाही.

तिसरं, वार नीट काम करतेय का. वारेतून रक्त कमी पोचलं की बाळ मेंदूकडे रक्त वळवतं, मूत्रपिंडांकडे कमी जातं आणि लघवी घटते. शेवटच्या तीन महिन्यांत, पाणमोट शाबूत असताना पाणी कमी झालं, तर हे मोठं कारण असतं. म्हणून आईचं बीपी आणि लघवीतलं प्रथिन, बाळाचं अंदाजे वजन, नाळेतल्या रक्तप्रवाहाचं डॉपलर आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख, हे चारही एकत्र बघतात. हिचं बीपी ११६/७४, लघवीत प्रथिन नाही, बाळाचं वजन २२५० ग्रॅम, म्हणजे या आठवड्याला ठीक. डॉपलर आणि आलेख चांगले. याऐवजी वजन १६०० ग्रॅम आणि डॉपलर बिघडलेलं असतं, तर तेच ३.८ फार गंभीर ठरलं असतं आणि तिला घरी सोडलं नसतं.

चौथं, बाळाची मूत्रपिंडं आणि लघवीची पिशवी. पिशवी भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. एकदा दिसली नाही तर अर्धा तास थांबून पुन्हा बघायचं. ती भरलेली दिसली म्हणजे मूत्रपिंडं चालू आहेत. दोन्ही मूत्रपिंडं नसणं किंवा मूत्रमार्गात पडदा असल्याने पिशवी तट्ट फुगलेली असणं, ही कारणं बहुधा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच सापडतात. त्या वयात पाणी फारच कमी असेल तर फुप्फुसं वाढत नाहीत आणि बोलणं गंभीर होतं. तिथे वरच्या केंद्रात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात दाखवायला उशीर करू नये. चौतीस आठवड्यांना अचानक घटलेलं पाणी सहसा या गटातलं नसतं. हिच्या बाळाची पिशवी व्यवस्थित दिसली.

आता उरतो तो प्रश्न, जो घाईत राहून जातो. काय गोळ्या चालू आहेत? ‘लोहाची आणि कॅल्शियमची’ हे उत्तर लगेच मिळतं. कंबरेसाठी दुकानातून सुट्या आणलेल्या गोळ्या कोणी औषधात धरत नाही. म्हणून विचारायचं असं, ‘कंबर दुखती तेव्हा काय घेता?’ हिने आठ दिवस सकाळ-संध्याकाळ एक गोळी घेतली होती. रिकामं पाकीट मागवलं तर त्यावर डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल अशी जोडी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड, ॲसिक्लोफेनॅक ही सगळी एकाच जातीची वेदनाशामकं. ती वारेतून बाळापर्यंत जातात, बाळाच्या मूत्रपिंडांकडचा रक्तपुरवठा घटवतात आणि लघवी कमी होते. काही वेळा दोन दिवसांच्या गोळ्यांनीही पाणी उतरलेलं आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये वीस आठवड्यांनंतर ही औषधं टाळा, असा इशारा याच कारणासाठी दिला. सातव्या महिन्यानंतर आणखी एक धोका येतो, बाळाच्या हृदयाजवळची जन्माआधी उघडी असायला हवी अशी एक रक्तवाहिनी त्यांनी आकसू शकते.

आपल्याकडे खुरपणी, ऊसतोड, डोक्यावरून पाणी यातून दुखणारी कंबर आणि गावातल्या दुकानात दोन-पाच रुपयांत मिळणारी ‘अंगदुखीची गोळी’, हे इतकं नेहमीचं आहे की पाणी कमी दिसल्यावर हा प्रश्न पहिल्या तीनात असायला हवा. बीपीच्या काही गोळ्याही, उदाहरणार्थ एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, बाळाची लघवी थांबवू शकतात. दिवस राहायच्या आधीपासून बीपीची गोळी चालू असणाऱ्या बाईने ती पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवावी. एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवावा. बीपी वाढण्याचा धोका असल्याने डॉक्टरांनीच कमी मात्रेतली ॲस्पिरिन, ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची, दिली असेल, तर ती या यादीत बसत नाही. ती मनाने बंद करू नये.

दुसरा धागा उन्हाचा. बाहेर बेचाळीस अंश, लग्नसराई, एसटीचा प्रवास आणि वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं. हिची लघवी दिवसातून तीनदा आणि गडद पिवळी होती. आईच्या अंगातलं पाणी घटलं की पिशवीतलंही घटतं आणि आईने पाणी पिलं की काही तासांत वाढतंही. दोन तासांत साधारण दोन लिटर पाणी पाजून पुन्हा मोजल्यावर आकडा वर गेल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि वाढलेलं बीपी असेल तर मात्र हा प्रयोग घरी करायचा नाही. तोंडाने पाणी पिता येत असेल तर नुसतं पाणी वाढवायला सलाईन लागत नाही, नारळपाणीही मुद्दाम लागत नाही. साधं पाणी चालतं.

हिची ती गोळी बंद झाली, गरज पडली तर साधं पॅरासिटामॉल, दिवसभरात तीन लिटरच्या आसपास पाणी, दुपारी सावलीत आराम, आणि बाळाची हालचाल रोज लक्षात ठेवायला सांगितलं. चौथ्या दिवशी खोल कप्पा २.९, एएफआय ८.३. औषधाने घटलेलं पाणी साधारण असंच काही दिवसांत परत येतं. नेहमीच येतं असं मात्र नाही, म्हणून दुसरी सोनोग्राफी टाळायची नसते. चौथ्या दिवशीही कप्पा दोनच्या खाली असता, तर आठवड्याला एक-दोनदा तपासणी आणि छत्तीस-सदतीस आठवड्यांच्या सुमारास बाळंतपणाचा विचार, हा रस्ता होता. तोही कळा आणून. पाणी कमी म्हणजे थेट सिझर असा नियम नाही. प्रोटीनचे डबे आणि महागड्या पुड्या सर्रास लिहून दिल्या जातात. कारण शोधण्याची जागा त्यांनी घेतली की चार दिवस वाया जातात, आणि वार बिघडलेली असेल तर ते चार दिवस महागात पडतात.

पाणी जास्त असेल तेव्हा

चोवीस ते तीसच्या आत एएफआय असेल तर वाढ सौम्य, पस्तीसच्या पुढे तीव्र. सौम्य वाढीत निम्म्याहून जास्त वेळा काहीच कारण सापडत नाही आणि बाळ ठणठणीत असतं. पण कारण नाही, हे शोधून झाल्यावरच म्हणायचं.

सगळ्यात आधी साखर. आईच्या रक्तात साखर जास्त असली की ती बाळाकडे जाते, बाळाची लघवी वाढते. सरकारी दवाखान्यात होणारी तपासणी साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, उपाशी असण्याची अट नाही, आणि दोन तासांनी रक्त. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती तपासणी धरायची नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात साखर ठीक होती म्हणून आठव्या महिन्यात पाणी वाढल्यावर पुन्हा न तपासणं, ही नेहमी घडणारी चूक. एएफआय २९, पोट आठवड्यांच्या मानाने मोठं आणि साखर १७२ आली, तर गोडाधोडावर, भाताच्या ढिगावर आणि चहातल्या साखरेवर बंधन, चालणं, गरज पडल्यास औषध किंवा इन्सुलिन, आणि साखर आटोक्यात येते तसं पाणीही बऱ्याचदा उतरतं. पाणी जास्त झालं म्हणून आईने पाणी पिणं कमी करायचं, हा सल्ला घराघरांत मिळतो आणि तो चुकीचा आहे. पाणी जास्त होण्याचं कारण आईच्या तांब्यात नसतं. उपासमार आणि उन्हाळी तेवढी पदरात पडते.

दुसरं, बाळाला गिळता येतंय का. सोनोग्राफीत बाळाच्या जठराचा काळा बुडबुडा दिसायला हवा. पुन्हापुन्हा बघूनही तो दिसत नसेल तर अन्ननलिका जोडलेली नसल्याची शंका येते. एकाऐवजी शेजारी शेजारी दोन बुडबुडे दिसले तर आतड्याचा सुरुवातीचा भाग बंद असू शकतो, आणि अशा बाळांत डाउन सिंड्रोमचं प्रमाण जास्त असल्याने पुढच्या तपासण्या सुचवतात. मेंदूचे किंवा स्नायूंचे काही दोषही गिळणं बिघडवतात. पाणी जितकं जास्त, तितकी अशा दोषाची शक्यता वाढते. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाच्या अंगात रक्त कमी झालंय का, हे बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या डॉपलरने बघतात.

पाणी काढण्यासाठी सुई फक्त तेव्हाच, जेव्हा आईला झोपताच येत नाही, इतका दम लागतो. ज्या जातीच्या गोळीने वरच्या प्रकरणात पाणी घटलं, त्याच जातीतलं एक औषध पूर्वी जास्त पाणी उतरवायला वापरत. आता केवळ त्यासाठी ते देत नाहीत, कारण बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाला त्याची किंमत मोजावी लागते.

अशा बाईच्या घरच्यांनी एका गोष्टीची तयारी आधीच ठेवावी. पोट ताणलेलं असल्याने कळा लवकर येऊ शकतात, आणि पाणमोट एकदम फुटली तर पाण्याच्या लोंढ्यासोबत नाळ खाली घसरू शकते. पाणी भसकन गेलं तर तिला चालवायचं नाही, मोटारसायकलवर तर बसवायचंच नाही. डाव्या कुशीवर झोपवून कंबरेखाली उशा देऊन कंबर छातीपेक्षा उंच करायची आणि १०८ ला फोन करताना ‘पाणी जास्त होतं, पाणमोट फुटलीय’ हे स्पष्ट सांगायचं. नाळ बाहेर दिसत असेल तर ती आत ढकलायची नाही. बाळंतपणानंतर गर्भाशय सैल राहून रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून रक्ताची सोय असलेलं ठिकाण आधी ठरवावं, मग ते गावापासून पन्नास किलोमीटर असलं तरी. आणि जठराचा बुडबुडा दिसला नव्हता किंवा पाणी फारच जास्त होतं, हे बाळाच्या डॉक्टरला प्रसूतीआधीच कळवावं. असं बाळ जन्मलं की पहिलं दूध पाजण्याआधी एक बारीक नळी तोंडातून जठरापर्यंत सरळ जाते का, ते बघतात. नळी मध्येच अडली तर दूध द्यायचं नाही. मध किंवा घुटी तर कोणत्याच बाळाला नाही.